फंड विकायचा की थांबायचं?

वर्षातून एकदा गुंतवणुकीचा आढावा घेताना नजर आधी जाते ती वर्षभराच्या परताव्याकडे, आणि बहुतेक चुकीचे निर्णय तिथेच होतात. समजा, तुमचा फ्लेक्सी कॅप फंड वर्षभरात ६ टक्के घसरला. तो विकण्याआधी पाहा की निफ्टी ५०० टीआरआय, म्हणजे लाभांश धरून मोजलेला निर्देशांक, किती घसरला. तोही ७ टक्के खाली असेल, तर पडला आहे तो बाजार. अशा वेळी फंड विकण्याचं कारण नाही.

बाजार चढत असताना फंड मागे राहिला, तर प्रश्न अवघड होतो. एका वर्षाचं मागे पडणं सोडून द्या. तीन-चार वर्षं तो निर्देशांकाच्या आणि त्याच गटातल्या इतर फंडांच्या मागे असेल, तर कारण शोधा. स्वस्त शेअर निवडणाऱ्या 'व्हॅल्यू' पद्धतीच्या फंडाला काही वर्षं वाईट जातातच. व्यवस्थापक तोच असेल आणि फॅक्टशीटमध्ये पूर्वीच्याच धाटणीचे शेअर दिसत असतील, तर थांबणं शहाणपणाचं. मात्र ती पद्धत सोडून फंड वर गेलेल्या शेअरांमागे धावू लागला असेल, तर तुम्ही निवडलेला फंड आता उरलेलाच नाही. तेव्हा बाहेर पडावं.

कधी हा बदल नियमामुळेही होतो. सप्टेंबर २०२० मध्ये सेबीने मल्टी कॅप फंडांना मोठ्या, मध्यम आणि लहान कंपन्यांत प्रत्येकी किमान २५ टक्के रक्कम ठेवणं बंधनकारक केलं. नोव्हेंबरमध्ये फ्लेक्सी कॅप हा नवा गट आला आणि अनेक योजना तिकडे वळल्या. ज्या मल्टी कॅपमध्येच राहिल्या, त्यांतली जोखीम बदलू शकत होती. परतावा चांगला असला तरी अशा वेळी फेरविचार करायलाच हवा.

विकायचं ठरलं तरी खर्च मोजा. समजा, चार वर्षांपूर्वी एकरकमी घातलेल्या ३ लाखांचे आज ५ लाख झाले आहेत. २ लाखांच्या नफ्यातले सव्वा लाख करमुक्त. उरलेल्या ७५ हजारांवर सध्याच्या साडेबारा टक्के दराने ९,३७५ रुपये कर, उपकर वेगळा. निम्मे युनिट मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये विकले, तर नफा दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो. इतर शेअर-फंडांचा नफा नसेल आणि दरम्यान भाव फारसा वाढला नाही, तर कर लागत नाही. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात. वर्ष न झालेल्या युनिटांच्या नफ्यावर २० टक्के कर लागतो, शिवाय अनेक योजना एक टक्का एक्झिट लोडही घेतात.

विकण्याचं कारण आधी एका वाक्यात लिहून काढा. त्यात फक्त 'परतावा कमी' एवढंच असेल, तर यंदा विकू नका.