जांघेत खोल दुखतंय? स्टेरॉइडच्या गोळ्या आठवा

तुर्भ्यातल्या वस्तीतले एक दादा दम्यासाठी दोन वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून आणत होते. मग जांघेत खोल दुखू लागलं. मांडी घालता येईना, चालताना लंगडू लागले. एक्स-रे साफ आला, म्हणून सहा महिने कंबरेचं दुखणं समजून मालिश चाललं. आम्ही एमआरआय करायला लावला तेव्हा कळलं, डाव्या खुब्याचा बॉल चेपलाय आणि उजव्यालाही सुरुवात झालीय.

मांडीच्या हाडाचं वरचं गोल टोक म्हणजे हा बॉल. त्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. स्टेरॉइड फार दिवस किंवा मोठ्या मात्रेत घेतलं की काहींच्या वाहिन्या तुंबतात. रक्त न मिळालेलं हाड मरतं आणि अंगाच्या भाराने चेपतं. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं.

२०२१ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाने असे तीन रुग्ण नोंदवले. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेले, चाळिशीच्या आतले. तिघेही डॉक्टर, म्हणून लक्षण ओळखून वेळेत आले. आपल्याकडे ते कोण ओळखणार?

बॉल चेपण्याआधी हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात. कधी सांधा वाचतो. दादांच्या उजव्या खुब्याला तेच केलं. डावा सांधा बदलावा लागला.

दुखू लागलं तरी गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. चक्कर, उलट्या होऊन रक्तदाब धोकादायक उतरू शकतो. रिकामं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, किती महिने घेतल्या ते सांगा. मात्रा तेच हळूहळू उतरवतील.