भाकरी कमी केली, वजन का उतरेना?

पीकपाहणीच्या निमित्ताने एका गावी अण्णांकडे जेवायचा योग आला. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितले होते. तीन महिने अण्णा दर जेवणाला दोनऐवजी एकच भाकरी खात होते आणि वाडगाभर काकडीची कोशिंबीर घेत होते. तरी काटा जागचा हलेना. "साहेब, एवढं पोट मारूनही वजन तेवढंच!" अण्णा म्हणाले.

मी त्यांच्या ताटाकडे पाहिले. दाण्याची चटणी, तिच्यात आळे करून ओतलेले कच्चे तेल. कोशिंबिरीवर दाण्याचा कूट आणि वरून चरचरीत फोडणी. माझ्या पिशवीत बियाणे तोलायचा छोटा काटा होता. वहिनींना म्हटले, "नेहमी घालता तेवढंच घाला, आपण तोलून पाहू."

चटणी भरली 20 ग्रॅम, म्हणजे सुमारे 110 उष्मांक. तिच्यावरचे दोन लहान चमचे तेल 10 ग्रॅम, त्याचे 90. कूट 10 ग्रॅम, त्याचे 55. फोडणीचे तेल 5 ग्रॅम, त्याचे 45. बेरीज झाली 300. अण्णांनी सोडलेली भाकरी 75 ग्रॅम ज्वारीच्या पिठाची. तिचे उष्मांक अडीचशेच्या आसपास! काकडीचे म्हणाल, तर वाडगाभर काकडीत तीसही नसतात.

वहिनींचा विश्वास बसेना. "भाकरी कमी म्हणून चटणी जरा जास्त वाढते हो," त्या म्हणाल्या. गोम तिथेच होती. पिठाच्या एका ग्रॅममध्ये साडेतीन उष्मांक, तर तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ. शिवाय तेल पोटात जागा अडवत नाही, त्यामुळे खाल्ल्याचे कळतही नाही.

चटणी सोडा असे मी मुळीच सांगितले नाही. दाण्यात प्रथिने चांगली असतात. चटणी एक चमचा घ्यावी आणि तेलाऐवजी चमचाभर दह्यात कालवावी. कूट निम्मा करावा; फोडणीला अर्धा चमचा तेल पुरते, मोहरी-हिंगाचा वास तेवढ्यानेही येतो. ठेच्याच्या मिरच्या तेलात न परतता तव्यावर कोरड्या भाजाव्यात. या मापाने तीनशेचे सव्वाशेही होत नाहीत. हाताचा अंदाज चुकतो, म्हणून चटणी-कोशिंबिरीचे तेल आठवड्यापुरते वेगळ्या बाटलीत काढून ठेवावे. शनिवारीच बाटली रिकामी झाली, तर चूक कुठे होते ते आपोआप दिसते.

तालुक्याच्या गावाहून मुले सँडविचबरोबर मेयोनेझ आणतात. त्या पांढऱ्या लगद्यात बहुतांश तेलच असते. मोठ्या चमच्याला नव्वद-शंभर उष्मांक धरावेत. दही समजून कोशिंबिरीत मिसळू नये.

दोन महिन्यांनी अण्णांचे वजन अडीच किलो उतरले. मात्र हा हिशेब अण्णांपुरताच. दिवसभर कोळपणी करणाऱ्या त्यांच्या मुलाच्या चटणीवर वहिनी पूर्वीइतकेच तेल घालतात, आणि ते योग्यच आहे. साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते.