पाळी सारखी, वेळ मात्र नाही

या आठवड्यात मेशबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण धारहून आणि देवासहून आलेल्या दोन पत्रांमुळे ते पुढं ढकलतो आहे. दोन्ही पत्रांतलं दुखणं एकच आहे आणि ते समजल्याशिवाय मेश घेण्यात अर्थ नाही.

देवासच्या वाचकांचा वाडा जुना, भिंती जाड. राउटर माजघरात आहे. माडीवर २००६ सालचा एक लॅपटॉप आहे आणि तो संध्याकाळी फोटो ऑनलाइन साठवत बसतो. तेवढ्या वेळात खाली राउटरशेजारी बसलेल्यांचंही नेट रांगायला लागतं. त्यांनी मोठा प्लॅन घेऊन पाहिला, फरक पडला नाही. तो पडणारच नव्हता, कारण अडचण वायरीत नाही, हवेत आहे.

मागच्या वेळी आपण पाहिलं की एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. वाय-फायचा मूळ नियम बोलायची संधी सगळ्यांना सारखी देतो, पण मिळालेल्या पाळीत कोण किती वेळ घेतो हे तो मोजत नाही. १५०० बाइटचं पाकीट म्हणजे १२,००० बिट. ५४ एमबीपीएसनं बोलणारं उपकरण ते पाव मिलिसेकंदाच्या आत पाठवतं. आधीची थांबण्याची वेळ आणि नंतरची पोच धरली तर सुमारे ०.४ मिलिसेकंद. माडीवरच्या लॅपटॉपला सिग्नल क्षीण मिळतो, म्हणून तो उतरत उतरत १ एमबीपीएसवर येतो. तेच पाकीट पाठवायला त्याला सगळं धरून सुमारे १३ मिलिसेकंद लागतात.

आता दोघंही सतत पाठवत आहेत आणि आळीपाळीनं एकेक पाकीट जातं आहे असं धरा. दोघांची मिळून एक फेरी १३.४ मिलिसेकंदांची झाली. त्या फेरीत वेगवान उपकरणाचंही एकच पाकीट गेलं, म्हणजे त्याला मिळाले सुमारे ०.९ एमबीपीएस. एकटं असताना त्याला ३० मिळाले असते. संथ उपकरणाला तेवढेच ०.९ मिळाले. सगळे त्याच्या पातळीवर उतरले! फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या मार्टिन ह्यूस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे गणित मांडलं.

आजचे फोन एका पाळीत अनेक पाकिटं एकत्र बांधून पाठवतात, त्यामुळे घसरण इतकी टोकाची होत नाही. पण दिशा तीच राहते.

धारच्या वाचकांकडे जुनं काहीच नाही. त्यांचा फोन नवाकोरा आहे, पण मागच्या अंगणात तीन भिंतींपलीकडे त्यावर व्हिडिओ चालतो आणि आत मुलीचा ऑनलाइन वर्ग अडकतो. वाय-फायला वय कळत नाही, फक्त वेग कळतो. दूर गेलेला नवा फोनही तितकाच संथ होऊ शकतो.

मग दोषी कसा ओळखायचा? बऱ्याच राउटरांच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते आणि प्रत्येकासमोर त्याचा जोडणीचा वेग दिसतो. सगळ्यांत कमी आकडा कुणाचा ते पाहा. मग ते उपकरण कामात असताना दुसऱ्यावर वेग मोजा, ते बंद करून पुन्हा मोजा. नुसतं जोडलेलं आणि गप्प असलेलं उपकरण सहसा फारसं नडत नाही, म्हणून ते चालू कामात असतानाच मोजायला हवं.

देवासला मी सुचवलं की माडीपर्यंत केबल न्या. लॅपटॉप हवेतून उतरला की प्रश्न संपला. ते जमणार नसेल तर खालचे फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. तो रेडिओ वेगळा असतो, त्यामुळे २.४ वरचा संथपणा तिथं पोचत नाही. धारला राउटर अंगणाकडच्या खोलीत सरकवणं पुरेसं ठरावं. जुन्या उपकरणासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढणं मात्र निरुपयोगी, कारण नाव बदललं तरी रेडिओ आणि चॅनेल तेच राहतात. शेजारच्या घरातलं संथ उपकरण तुमच्याच चॅनेलवर असेल तर तेही तुमचा वेळ खातं, हेही याच कारणानं.

खरा उपाय म्हणजे पाळीऐवजी वेळ सारखा वाटणं. वरच्या उदाहरणात तसं केलं तर वेगवान उपकरणाला १५ एमबीपीएस मिळतील आणि संथ उपकरण ०.९ वरून ०.४५ वर येईल. एकाचे अर्धे गेले, दुसऱ्याचे सोळापटींहून जास्त वाढले. स्वीडनच्या कार्लस्टाड विद्यापीठातल्या टोके होयलंड-योर्गेनसेन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली लिनक्सच्या वाय-फायमध्ये हे करून दाखवलं. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एअरटाइम फेअरनेस’ दिसलं तर ते चालू करून पाहा. मात्र राउटर मुख्यतः स्वतःच्या पाठवण्याचा वेळ वाटतो. देवासचा लॅपटॉप फोटो वर चढवतो, म्हणजे पाठवणारा तोच. तिथं या सोयीचा उपयोग कमी आणि केबलचा जास्त.

मेश पुढच्या आठवड्यात. त्याआधी आपल्या घरातला सगळ्यांत कमी आकडा शोधून ठेवा. मेशचा दुसरा डबा कुठं ठेवायचा ते त्यावरूनच ठरवणार आहोत.