क्लाउडचे बिल कोणाच्या खात्यावर?

सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक वाद हमखास रंगतो. हिशेब विभागाकडे ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचे, म्हणजे एडब्ल्यूएसचे, बिल आलेले असते आणि आकडा मागच्या महिन्यापेक्षा फुगलेला असतो. कोणामुळे वाढला असे विचारले की प्रत्येक प्रकल्पप्रमुख दुसऱ्याकडे बोट दाखवतो. गंमत अशी की त्यात खोटे कोणीच बोलत नसते. कोणती सेवा किती तास, किती जीबी वापरली हे बिलात बारकाईने लिहिलेले असते. ती कोणासाठी वापरली, हे मात्र कुठेच नसते.

ते शोधायचे कसे, हे समजून घेण्यासाठी पुण्यातली एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे दोन प्रकल्प आहेत: एक दूध संघासाठी संकलनाचा हिशेब ठेवणारे ॲप, दुसरा रुग्णालयांसाठी तपासण्यांचे अहवाल आणि प्रतिमा साठवणारी यंत्रणा. आकडे सोयीसाठी रुपयांत आणि गोल करून घेतले आहेत. बिलाच्या तळाशी लिहिले आहे 2,33,640 रुपये.

हिशेबाची सुरुवात या आकड्यापासून करू नये. यात 18 टक्के जीएसटी आहे, 35,640 रुपये. कंपनीला इनपुट क्रेडिट मिळत असेल तर हा कर प्रकल्पाचा खर्च नव्हेच. तो आधी बाजूला काढायचा. उरले 1,98,000. त्यातले 18,000 हे सपोर्ट योजनेचे, म्हणजे अडचणीच्या वेळी तांत्रिक मदत मिळावी म्हणून भरायचे शुल्क. ते कोणत्याही एका सर्व्हरशी बांधलेले नसते, म्हणून तेही तूर्त वेगळे ठेवू. प्रत्यक्ष वापराचे राहिले 1,80,000.

हा वापर बिलावर सेवांच्या नावाने येतो. सर्व्हरचे 78,000, डेटाबेसचे 46,000, फायली साठवण्याचे 14,000, नेटवर्कच्या सार्वजनिक पत्त्यांचे 6,000. आणि मग एक ओळ येते, जिच्यापाशी सगळ्यांचीच गाडी अडते: `EC2-Other`, 36,000 रुपये. ‘इतर’ या नावाखाली एवढी रक्कम दिसली की हिशेबनीसाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडायलाच हवी.

ही गाठ सोडवायची तर कॉस्ट एक्स्प्लोरर या पडद्यावर खर्चाचे गट सेवेऐवजी ‘यूसेज टाइप’नुसार पाडायचे. तसे केल्यावर ‘इतर’च्या पोटातून हे बाहेर पडते:

```
APS3-EBS:VolumeUsage.gp3    15,000
APS3-NatGateway-Bytes       12,400
APS3-EBS:SnapshotUsage       5,000
APS3-NatGateway-Hours        3,600
```

पहिल्या चार अक्षरांत ठिकाण दडलेले असते. `APS3` म्हणजे 2016 साली सुरू झालेला एडब्ल्यूएसचा मुंबई विभाग. एखाद्या ओळीला असा उपसर्गच नसेल, तर ती बहुधा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागातली असते. सगळे काम मुंबईत चालणाऱ्या कंपनीच्या बिलात अशी ओळ दिसली, तर कोणीतरी विभाग न बदलता काहीतरी सुरू करून ठेवले आहे, असे खुशाल समजावे.

उपसर्गानंतरचा भाग काय वापरले ते सांगतो. `VolumeUsage` ही सर्व्हरला जोडलेल्या डिस्कची जागा. सर्व्हर बंद केला तरी डिस्कचे भाडे चालूच राहते, हे अनेकांना बिल आल्यावरच कळते. `SnapshotUsage` म्हणजे त्या डिस्कच्या जपून ठेवलेल्या प्रती. नॅट गेटवे हा आतल्या सर्व्हरना बाहेरच्या जगाशी बोलू देणारा दरवाजा. तो उभा असल्याचे तासांवर पैसे आणि त्यातून गेलेल्या प्रत्येक जीबीचे वेगळे पैसे. इथे तासांपेक्षा जीबीचा आकडा तिपटीहून मोठा आहे, म्हणजे या दारातून कोणीतरी भरपूर माल हलवत आहे. कोण, ते पुढे येईलच.

काय वापरले ते कळले. आता कोणासाठी, याचे उत्तर द्यायला टॅग असतात. टॅग म्हणजे सर्व्हर, डिस्क, डेटाबेस अशा प्रत्येक गोष्टीला डकवलेली एक चिठ्ठी, ज्यावर एक शीर्षक आणि एक मूल्य असते. उदाहरणार्थ `Project=dairy`. एका गोष्टीवर अशा 50 चिठ्ठ्या लावता येतात, पण खर्चाच्या वाटपासाठी प्रकल्प, वातावरण (चाचणीचे की प्रत्यक्ष वापरातले) आणि जबाबदार चमू, एवढ्या तीन पुरतात. वीस टॅगांची यादी बनवणाऱ्या कंपन्यांत त्यातला एकही धड भरलेला सापडत नाही.

फक्त चिठ्ठी लावून भागत नाही, हा इथला सर्वांत मोठा खड्डा. बिलिंगच्या पानावर जाऊन `Project` हे शीर्षक खर्च वाटपासाठी स्वतंत्रपणे ‘ॲक्टिव्हेट’ करावे लागते, आणि कंपनीची अनेक खाती एकत्र जोडलेली असतील तर हे काम मुख्य खात्यातूनच होते. ते केले नाही, तर सर्व्हरवर टॅग व्यवस्थित दिसतो आणि बिलाच्या अहवालात त्याचा मागमूस नसतो. ॲक्टिव्हेट करायला उशीर झाला, तर मागच्या बारा महिन्यांपर्यंतचा हिशेब त्या टॅगनुसार पुन्हा लावून घेण्याची सोय 2024पासून आहे. पण ती उपयोगी पडते ती त्या काळात वस्तूवर टॅग लावलेला असेल तरच.

आपल्या कंपनीने दोन्ही गोष्टी केल्या आहेत. कॉस्ट एक्स्प्लोररमध्ये 1,80,000चे गट `Project` टॅगनुसार पाडले, तर उत्तर असे येते: `dairy` 62,000, `Dairy` 11,000, `hospital` 58,000, आणि ज्यावर टॅगच नाही असा खर्च 49,000.

यातले `dairy` आणि `Dairy` ही एकाच दूध संघाची दोन रूपे. टॅगमध्ये अक्षरांचे लहानमोठेपण पाळले जाते, त्यामुळे कोणीतरी पहिले अक्षर मोठे टाइप केले आणि यंत्रणेने तो तिसरा प्रकल्प मानला. बेरीज करून दूध संघाचे 73,000 धरले की हा प्रश्न मिटतो.

खरे काम उरते ते 49,000चे. बहुतेक ठिकाणी ही रक्कम टॅग लागलेल्या खर्चाच्या प्रमाणात सरळ वाटून टाकली जाते. सोपे आहे, पण घातक आहे: ज्याने टॅग लावले नाहीत त्याचा खर्च ज्याने शिस्तीने लावले त्याच्या माथी जातो. म्हणून वाटण्याआधी वस्तूंच्या क्रमांकांसह येणारा सविस्तर अहवाल, म्हणजे कॉस्ट अँड यूसेज रिपोर्ट, उघडून एकेक वस्तूचा मालक शोधायचा.

तिथे 10,000 रुपयांच्या डिस्क सापडल्या. त्यातल्या 6,000च्या डिस्क रुग्णालयाच्या सर्व्हरना जोडलेल्या आहेत. सर्व्हरवर टॅग आहे, पण तो नंतर लावलेला, आणि सर्व्हरला नंतर लावलेला टॅग त्याच्या डिस्कवर आपोआप उतरत नाही. उरलेल्या 4,000च्या डिस्क कशालाच जोडलेल्या नाहीत. सर्व्हर काढून टाकले, डिस्क मागे राहिल्या. मग 9,000 रुपयांचा एक विनाटॅग सर्व्हर. तो कोणी सुरू केला, हे क्लाउडट्रेल या नोंदवहीत `RunInstances` या नावाने शोधले की कळते. तिथला साधा इतिहास 90 दिवसांचाच असतो, म्हणून ही चौकशी लांबणीवर टाकू नये. सर्व्हर दूध संघाच्या चमूने चाचणीसाठी उभा केलेला निघाला. 5,000च्या प्रतींवर मूळ डिस्कचा क्रमांक असतो. त्यावरून त्याही दूध संघाच्याच ठरल्या.

एवढ्या शोधानंतर दूध संघाचे 87,000 झाले आणि रुग्णालयाचे 64,000. बेवारस डिस्कचे 4,000. आणि खरोखरच सामायिक असलेले 25,000: नॅट गेटवेचे 16,000, सार्वजनिक पत्त्यांचे 6,000, दोघांच्या नोंदी साठवणाऱ्या जागेचे 3,000. त्यात सुरुवातीला बाजूला ठेवलेले सपोर्टचे 18,000 मिळवले की वाटायची रक्कम 43,000 होते.

आता प्रश्न न्यायाचा. हाउसिंग सोसायटीत लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्यांनी द्यायचा का, यावरून सभा तापते, तसाच हा प्रकार आहे. एडब्ल्यूएसच्या ‘कॉस्ट कॅटेगरीज’मध्ये अशा खर्चासाठी तीन पर्याय मिळतात: समान, ठरवलेल्या टक्क्यांनी किंवा प्रत्येकाच्या थेट खर्चाच्या प्रमाणात. 87 आणि 64च्या प्रमाणात सगळे वाटले, तर दूध संघाकडे एकूण 1,11,775 जातात आणि रुग्णालयाकडे 82,225.

पण नॅट गेटवेतून कोण माल हलवत होते, हे व्हीपीसी फ्लो लॉग सुरू ठेवलेले असतील तर सांगता येते. आपल्या उदाहरणात तीन चतुर्थांश वाहतूक रुग्णालयाच्या सर्व्हरची निघाली. ते रोज रात्री एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रतिमा एस-थ्री या साठवणीत पाठवतात, तेही नॅटच्या दारातून. तेव्हा गेटवेच्या 16,000पैकी 12,000 रुग्णालयाचे आणि 4,000 दूध संघाचे. उरलेले 27,000 प्रमाणात वाटले, की दूध संघ 1,06,556 आणि रुग्णालय 87,444. पाच हजारांहून थोडी जास्त रक्कम योग्य खात्यावर सरकली. दूध संघाला खर्चावर नफा धरून बिल लावले जात असेल, तर हा फरक थेट ग्राहकाच्या खिशातला आहे.

या शोधाने दुसरी एक गोष्टही उघडी पडली. त्याच विभागातल्या एस-थ्रीकडे जाण्यासाठी गेटवे एंडपॉइंट नावाचा वेगळा रस्ता असतो, आणि त्याला शुल्क नाही. तो जोडला की रात्रीची वाहतूक नॅटमधून जाणे थांबते आणि पुढच्या बिलात `NatGateway-Bytes` ची ओळ घसरायला हवी. घसरली नाही, तर रूट टेबलमध्ये तो रस्ता नोंदलेला आहे का ते पाहायचे. बहुतेकदा चूक तिथेच असते.

बेवारस 4,000 कोणाच्याही खात्यावर टाकू नयेत. अहवालात ‘मालक सापडला नाही’ अशी वेगळी ओळ ठेवून ती दरमहा व्यवस्थापनापुढे जाऊ द्यावी. वाटून टाकलेली रक्कम कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही आणि त्या डिस्क वर्षानुवर्षे भाडे खात बसतात. टॅग नसेल तर सर्व्हर सुरूच होऊ न देणारे नियम लावता येतात, टेराफॉर्मसारख्या साधनांत टॅग एकदाच लिहून सगळ्या वस्तूंवर उतरवता येतात, आणि ही दोन्ही कामे सक्तीने करायलाच हवीत. चमूला आठवण करून देणाऱ्या ईमेलांनी टॅग लागत नाहीत.

ज्यांनी अजून `Project` हे शीर्षक ॲक्टिव्हेट केलेले नाही, त्यांनी ते महिनाअखेरीची वाट न पाहता करावे. अहवालात ते दिसायला 24 तासांपर्यंत वेळ लागतो, आणि वस्तूवर टॅग नव्हता त्या दिवसांचा खर्च त्या अहवालात नंतर कधीच प्रकल्पाच्या नावावर येत नाही.