मोठी कढई आणि लहान ज्योत

चिनी पद्धतीने परतलेली कोंबडी किंवा भाजी उपाहारगृहात जशी लागते तशी घरी लागत नाही, ही तक्रार अनेक घरांतून ऐकू येते. सोया सॉसची बाटली तीच, आले-लसूणही तेच. तरी घरचा पदार्थ ओलसर आणि उकडल्यासारखा होतो. दोष बहुधा स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताचा नसतो. तो ज्योतीचा असतो.

दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये या इष्ट चवीला ‘वॉक हेई’ असे नाव आहे. वॉक म्हणजे खोलगट, पातळ पोलादी कढई आणि हेई म्हणजे श्वास. तेथील उपाहारगृहांत ही कढई एका कड्यावर बसवलेली असते आणि खालची भट्टी घोंघावत तिचे सारे बूड ज्वाळेने वेढून टाकते. घरगुती गॅसच्या शेगडीची मोठी ज्योत साधारणतः 2 ते 3 किलोवॅट उष्णता देते. त्या भट्टीची शक्ती तिच्या दसपट, कित्येकदा त्याहूनही अधिक असते. शिवाय घरच्या शेगडीची ज्योत बाहेरच्या बाजूस पसरते, म्हणून गोल बुडाच्या कढईला ती नीट भिडत नाही आणि बरीच उष्णता कडांवरून निसटून जाते.

या उष्णतेचा खरा शत्रू म्हणजे पाणी. मांस व भाज्या यांत पाण्याचाच अंश सर्वांत मोठा. जोवर कढईच्या तळाशी पाणी आहे, तोवर पदार्थाचे तापमान 100 अंशांच्या फारसे वर जात नाही. आणि मांसाला खरपूस तांबूस रंग व सुगंध येण्यास साधारण 140 अंश तरी लागतात. घरच्या ज्योतीची निम्मी उष्णता कढईत शिरली असे धरले, तर 100 ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास जवळजवळ 3 मिनिटे जातात. तेवढ्या वेळात कोंबडीचे पातळ काप शिजून चिवट झालेले असतात.

एक स्थूल हिशेब मांडून पाहावा. दीड किलो वजनाची पोलादी कढई 250 अंशांपर्यंत तापवली आणि तीत शीतकपाटातून काढलेले 400 ग्रॅम कोंबडीचे काप एकदम टाकले. ते काप शिजण्याइतके गरम करण्यातच कढईने साठवलेली उष्णता खर्च होते आणि तिचे तापमान सुमारे 125 अंशांवर उतरते. तेवढ्यात मांसाला पाणी सुटते आणि लहान ज्योत त्या पाण्याशी झगडत राहते. हेच काप तीन वाटे करून, एका वेळी 130 ग्रॅमच टाकले, तर कढई सुमारे 210 अंशांवर राहते. सुटलेला रस तिला टेकताक्षणीच उडून जातो. ज्योत मोठी करता येत नाही, पण तिच्यावरचे ओझे हलके करता येते, एवढेच यातले रहस्य.

म्हणून काप आधी फडक्याने टिपून कोरडे करावेत आणि भाज्या धुऊन पुरत्या निथळू द्याव्यात. कढईतून हलका धूर निघू लागला की तेल फिरवून पहिला वाटा एका थरात पसरावा व अर्धा-पाऊण मिनिट त्यास हात लावू नये. सतत ढवळण्याचा मोह येथे घातक ठरतो, कारण खालची बाजू तांबूस होण्यापूर्वीच काप उलटले जातात. मग परतून, थोडे कच्चे असतानाच काप स्वच्छ ताटलीत काढावेत, रिकामी कढई पुन्हा धुरावेपर्यंत तापवावी आणि दुसरा वाटा घ्यावा. भाज्याही अशाच वेगळ्या परताव्यात. शेवटी सारे एकत्र करून सॉस कढईच्या कडेने सोडावा आणि कोंबडी आतून पूर्ण शिजेपर्यंत, साधारण मिनिटभर, परतावे. रिकामी कढई तापवण्याचा हा प्रकार पोलादी किंवा बिडाच्या भांड्यातच करावा. न चिकटणारा लेप दिलेल्या भांड्यात कदापि करू नये.

आपल्याकडे पालेभाजी अंगच्या पाण्यातच शिजवतात आणि ती उत्तम लागते. तेथे मंद ज्योतच हवी. चिनी परतण्यात नेमके तेच पाणी नको असते. तथापि या युक्तीलाही मर्यादा आहे. भट्टीवरचा स्वयंपाकी पदार्थ उंच उडवतो, तेव्हा तेलाचे सूक्ष्म थेंब ज्वाळेत पेट घेतात आणि एक धुरकट गंध पदार्थात उतरतो. तो गंध लहान वाट्यांनी मिळत नाही आणि घरच्या ओट्याशी ज्वाळा उठवण्याच्या भरीस पडणे शहाणपणाचे नव्हे.

वाटा मोठा झाला की काय, हे कानांनी ओळखता येते. कढईतून तडतड ऐकू येत असेल तर काम ठीक चालले आहे. तिची खदखद झाली, काप करडे दिसू लागले आणि तळाशी पाणी चमकले, की तसेच परतत बसू नये. सारे बाहेर काढावे, रस वेगळा निथळावा, कढई पुसून पुन्हा तापवावी आणि काढलेल्यातले निम्मेच परत टाकावे. निथळलेला रस शेवटी सॉसबरोबर घालून उकळू द्यावा.