अपडेटमध्ये नेमकं काय बदललं?

दुकानाच्या बिलिंग ॲपचं नवं अपडेट येतं, तेव्हा प्रोग्रामरच्या नोंदीत एवढंच असतं: `fix null date in invoice`. दुकानदाराला यातून काय कळणार? म्हणून ती ओळ ‘दुरुस्त्या’ या गटात अशी लिहायची: ‘बिलावर तारीख न टाकल्यास ॲप बंद पडत असे, आता पडत नाही.’ पीडीएफ बिल पाठवण्याची सोय आधी नव्हतीच, ती ‘नवीन सुविधां’त जाते. कोडची अंतर्गत साफसफाई सरळ वगळावी.

‘माहीत असलेल्या अडचणी’ लिहिताना मात्र कंपन्यांचा हात आखडतो. खरं तर ‘जुन्या प्रिंटरवर ₹ चिन्ह उमटत नाही, सध्या सेटिंगमध्ये “रु.” निवडा’ एवढं सांगितलं, तरी दुकानदाराचं काम अडत नाही. अर्धवट सुटलेली चूक दुरुस्त्यांत मिरवू नये. उरलेला भाग अडचणींतच नोंदवावा.