बट वळली, उजेड वळला का?

फोटोतले सरळ केस कुरळे करायचा सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे फोटोशॉपमधलं Liquify उघडायचं आणि ब्रशने केस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ढकलत खाली यायचं. पाच मिनिटांत केस नागमोडी होतात. तरीही फोटो बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, आणि काय खटकतं ते त्याला सांगता येत नाही. बहुतेक वेळा चूक आकारात नसते. केस ढकलले तेव्हा त्यांच्यावरचा जुना उजेडही त्यांच्याबरोबर ढकलला गेलेला असतो. आकार कुरळ्या केसांचा आणि चकाकी मात्र सरळ केसांची, अशी ती फारकत असते.

सरळ, मोकळ्या केसांवर चकाकी कुठे पडते ते आठवून पाहा. डोक्याच्या गोलाईवर, साधारण कपाळाच्या वरच्या उंचीला, एक आडवा उजळ पट्टा दिसतो. शेजारशेजारचे सगळे केस एकाच दिशेने उतरत असतात, त्यामुळे एकाच उंचीवर ते सगळे खिडकीचा उजेड कॅमेऱ्याकडे परतवतात. केस वळले की ही एकजूट मोडते. प्रत्येक बट आपापल्या जागी उजेडाकडे फुगते आणि आपापल्या जागी आत वळते. एका सलग पट्ट्याचे मग अनेक लहानमोठे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा एकेका बटेच्या एकेका वळणावर बसतो.

केसांवरच्या चकाकीला दोन रंग असतात, हेही इथे कामाला येतं. स्टीफन मार्श्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसाच्या तंतूवर प्रकाश कसा विखुरतो याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. संगणकावर केस रंगवण्याच्या अनेक पद्धती त्यावर उभ्या आहेत. त्यात दाखवलं आहे की काही उजेड केसाच्या पृष्ठभागावरूनच परततो, म्हणून तो खिडकीच्या किंवा दिव्याच्याच रंगाचा राहतो. काही उजेड केसाच्या आत शिरून परत येतो आणि केसाचा रंग घेऊन येतो. केसावर एकावर एक चढलेले तिरके खवले असतात. त्यांच्यामुळे या दोन चकाक्या एकाच जागी पडत नाहीत, एकमेकींपासून थोड्या सरकतात. काळ्याभोर केसांवर पांढुरक्या रेषेच्या कडेला तपकिरी झाक दिसते ती यामुळेच. बटेवर नुसता पांढरा रंग ओढला की केस प्लास्टिकचे वाटतात, त्याचंही कारण हेच.

आता एक फोटो घेऊन काम करू. मध्ये भांग, छातीपर्यंत आलेले सरळ काळे केस, आणि डावीकडून, थोड्या उंचावरून खिडकीचा उजेड. आधी माप ठरवावं लागतं, नाहीतर वळणांचा आकार केवळ अंदाजाने पडतो. हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोठ्या माणसात साधारण २२ सेंटिमीटर असतं. आपल्या फोटोत ते १००० पिक्सेल भरलं, म्हणजे १ सेंटिमीटरला सुमारे ४५ पिक्सेल आले. केस अगदी कुरळे न करता लाटदार करायचे आहेत. कानाजवळ एका लाटेची लांबी ६ सेंटिमीटर धरू, म्हणजे २७० पिक्सेल. मधल्या भागात ५ सेंटिमीटर आणि टोकांकडे साडेतीन ते चार.

लाटा खाली येताना लहान होतात याला कारण आहे. वरच्या केसाला खालच्या सगळ्या केसांचं वजन पेलावं लागतं, त्यामुळे वरचं वळण ताणून सैल होतं. टोकाला ओढायला काही नसतं, तिथे वळण घट्ट राहतं. म्हणून भांगापासून पहिले तीन-चार सेंटिमीटर जवळजवळ सरळच ठेवायचे. मुळापासूनच लाट सुरू केली की टोप घातल्यासारखं दिसतं.

केस वळले की त्यांची लांबी कमी दिसते, आणि नेमकी हीच गोष्ट फोटोत सगळ्यात जास्त विसरली जाते. बट मळसूत्री वळते असं धरा. वळणाचा व्यास १ सेंटिमीटर आणि एका वेढ्यात बट ५ सेंटिमीटर खाली येत असेल, तर त्या ५ सेंटिमीटरसाठी जवळजवळ ६ सेंटिमीटर केस लागतो. म्हणजे ३० सेंटिमीटरचे केस सुमारे २५ दिसतील. व्यास २ सेंटिमीटर आणि वेढ्याची उंची ४ केली तर तेच केस १६ सेंटिमीटरवर येतात. आपल्या लाटा पहिल्या प्रकारच्या आहेत, तेव्हा टोकं साधारण २०० पिक्सेल वर घ्यायला हवीत. टोकं वर गेली की मागची ओढणी किंवा भिंत उघडी पडणार. म्हणून केसांना हात लावण्याआधी एका वेगळ्या लेयरवर Clone Stamp वापरून केसांच्या मागची जागा भरून ठेवायची. बटांमधल्या फटींतूनही हीच जागा दिसणार असते.

आता वळवण्याचं काम. Liquify हलक्या लाटेला पुरतं, पण तेवढ्यासाठीही ब्रश अर्ध्या लाटेपेक्षा मोठा हवा. लहान ब्रशने केस थरथरल्यासारखे होतात. चेहरा आणि कान Freeze Mask लावून झाकून घ्यायचे, नाहीतर केसांबरोबर गालही सरकतो. खरा परिणाम मात्र सुट्या बटांनी येतो. मूळ केसांमधून एकेक पट्टा निवडून वेगळ्या लेयरवर घ्यायचा, त्याचा Smart Object करायचा आणि Edit मेनूतल्या Puppet Warp ने मुळाशी, प्रत्येक फुगवट्यावर आणि प्रत्येक आतल्या वळणावर एकेक पिन रोवून तो वाकवायचा. Smart Object केल्याने पिना नंतरही हलवता येतात, आणि वारंवार ओढूनही चित्राचा पोत विरत नाही. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला अशा सात-आठ बटा पुरतात. मागच्या बटा आधी, पुढच्या नंतर.

बट सापासारखी सपाट वळत नाही. बोटाभोवती गुंडाळून सोडलेल्या फितीसारखी ती समोर येते तेव्हा रुंद दिसते आणि बाजूला वळते तेव्हा अरुंद. सगळीकडे सारख्या रुंदीची बट खोटी वाटते, म्हणून वळणाच्या टोकाशी तिला थोडं आवळून घ्यायचं. शेजारच्या दोन बटांचे फुगवटे एकाच उंचीवर येऊ द्यायचे नाहीत. आले तर आडव्या ओळी तयार होतात आणि केस रात्रभर वेणी घालून सोडल्यासारखे दिसतात. एका बटेचं पहिलं वळण कानापाशी असेल तर दुसरीचं दोन सेंटिमीटर खाली घ्या, तिसरीची लाट पाचऐवजी साडेचारची करा, एखादी बट जवळजवळ सरळच सोडा. कपाळाच्या कडेचे बारीक केस वजनाने हलके असतात, तिथे लहान वळणं शोभतात.

आकार झाला की उजेडाकडे वळायचं, आणि इथे पहिलं काम पुसण्याचं आहे. सरळ केसांचा तो जुना आडवा पट्टा आता वाकडातिकडा होऊन बटांवर पसरलेला असतो. Curves चा लेयर घेऊन मास्कमधून तेवढाच भाग आजूबाजूच्या केसांइतका गडद करायचा. केस जवळजवळ एकसारखे मंद दिसू लागले की नवा उजेड घालायला जागा झाली.

मग ५० टक्के राखाडी रंगाने भरलेला लेयर Soft Light मध्ये ठेवायचा आणि दहा टक्क्यांच्या आसपास जोर असलेल्या ब्रशने त्यावर काम करायचं: पांढऱ्याने उजळ, काळ्याने गडद. प्रत्येक बटेला एकच प्रश्न विचारायचा, खिडकीकडे आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून ती कुठे फुगली आहे? तिथे चकाकी. तिथून ती उजवीकडे, आत वळते तिथे सावली. ठिपका द्यायचा नाही. केसांच्या दिशेने ओढलेल्या बारीक, कमीजास्त लांबीच्या, दोन्ही टोकांना विरणाऱ्या रेषांनी चकाकी बनवायची. तिचा रंग फोटोतल्याच मूळ चकाकीतून उचलून एका वेगळ्या लेयरवर हलका फिरवायचा आणि कडेला किंचित तपकिरी ठेवायचा. एक बट दुसरीवरून जाते तिथे खालच्या बटेवर, उजव्या अंगाला, मऊ सावली हवी. चेहऱ्याच्या उजव्या बाजूच्या बटा डोक्याच्या आडोशाला आहेत. त्यांतल्या पुढे आलेल्या फुगवट्यांनाच मंद उजेड मिळेल. दोन्ही बाजू सारख्याच चकाकवल्या की सगळी मेहनत फुकट जाते. मान आणि गालावर सरळ केसांची जी सरळ सावली पडली होती, तिची कडही आता लाटदार करावी लागते.

शेवटी सुटे केस. माणसाचा केस ढोबळमानाने ०.०७ मिलिमीटर जाड असतो. आपल्या मापात तो एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा भरतो. फोटोत आपण ज्याला एक केस समजतो तो बहुतेक वेळा अनेक केसांचा झुबका असतो. म्हणून बटांच्या कडेने काढायचे सुटे केस एक-दोन पिक्सेल जाडीचे आणि अगदी फिके हवेत. पाच पिक्सेलची ठळक रेघ दोऱ्यासारखी दिसते. वाकवलेला भाग गुळगुळीत झाला असेल तर बाकी फोटोत आहे तेवढाच दाणा Add Noise ने त्यावर घालावा.

काही फोटोंत हे जमत नाही. चकाकी जळून निव्वळ पांढरी झालेली असेल तर ती गडद केल्यावर राखाडी डाग उरतो, कारण तिथे केसांचा तपशील टिपलेलाच नसतो. घट्ट बांधलेल्या केसांत वाकवायला मोकळी बट मिळत नाही. फोनवरून पुन्हापुन्हा पाठवलेल्या लहान फोटोत केसांऐवजी चौकोनी ठिगळं असतात, आणि वाकवल्यावर ती अधिकच उठून दिसतात.

काम जमलं का हे पाहण्यासाठी फोटो कृष्णधवल करा आणि चेहरा हाताने झाका. फक्त केस बघून खिडकी कुठे आहे ते सांगता आलं पाहिजे, आणि प्रत्येक बटेने तीच दिशा दाखवली पाहिजे. जी बट वेगळी दिशा दाखवते तिचा आकार बदलू नका, तिच्यावरचा उजेड पुसून पुन्हा घाला.